ठसा पाठविला म्हणजे नाव लपले असे नव्हे

बेलापूर हे नाव नुसते उच्चारल्याने गाव निश्चित होत नाही. प्रवरेच्या काठचे बेलापूर वेगळे आणि नव्या मुंबईतील बेलापूर वेगळे. रेल्वेने तर या घोटाळ्यात आणखी भर घातली. श्रीरामपूर शहरातील स्थानकालाच बेलापूर हे नाव मिळाले, आणि मूळ गाव तेथून काही अंतरावर राहिले. त्यामुळे एक अक्षर न चुकता लिहिलेले नावही चुकीच्या ठिकाणी पोचू शकते. ओळख पटणे ही गोष्ट नावात नसते. ते नाव कोणत्या नोंदवहीशी ताडून पाहिले जाते यावर ती अवलंबून असते. इंटरनेटवर जाहिरात देणाऱ्या व्यापाऱ्यापुढे आज जो पेच उभा आहे, त्याचे मर्म नेमके येथे आहे.

प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकविणाऱ्या या पट्ट्यात ठिबक सिंचनाचे संच विकणारा एखादा दुकानदार डोळ्यांसमोर आणावा. तो गूगलवर जाहिरात देतो. शेतकरी मोबाईलवर ती पाहतो, तिच्यावर बोट ठेवतो आणि दुकानाच्या संकेतस्थळावरील अर्जात नाव व दूरध्वनी क्रमांक भरतो. येथपर्यंतचा प्रवास संगणकाला दिसतो. खरी विक्री मात्र पंधरा-वीस दिवसांनी होते. शेताची मोजणी, संचाचा आराखडा, अनुदानाचा अर्ज हे सर्व उरकल्यावर दुकानाच्या गादीवर बिल फाडले जाते. त्या बिलाची वार्ता गूगलला नसते. परिणामी जाहिरातीला अर्ज किती आले हे कळते, पण संच किती विकले गेले हे कळत नाही. जाहिरातीचा दर आणि तिची दिशा ठरविणारे यंत्र नुसत्या अर्जांवर शिकत राहते आणि घेणाऱ्यांऐवजी विचारपूस करणाऱ्यांचाच शोध घेऊ लागते.

ही दरी भरून काढण्यासाठी गूगलने जी सोय केली आहे तिला ‘एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स’ म्हणतात. कन्व्हर्जन म्हणजे जाहिरातीची फलश्रुती. ती अधिक नेमकेपणाने मोजण्याची ही रीत. विक्री झाल्यावर दुकानदाराने ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक किंवा ई-मेलचा पत्ता परत कळवावा, मात्र तो उघडा न कळविता ‘हॅश’ करून कळवावा, अशी तिची अट आहे. हॅश केल्यामुळे ग्राहकाचे खासगीपण अबाधित राहते, असे जाहिरात संस्थांचे प्रतिनिधी व्यापाऱ्यांना सांगत असतात. हे सांगणे निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याचा विचार करणे प्राप्त आहे.

ठशाची रीत

हॅश म्हणजे मजकुराचा ठसा. एसएचए-२५६ नावाची एक ठरलेली गणिती कृती आहे. तिच्यात कितीही लांबीचा मजकूर घातला तरी बाहेर चौसष्ट चिन्हांची एक ओळ पडते. तोच मजकूर पुन्हा घातला तर तीच ओळ पडते, मग तो बेलापुरात घाला वा अमेरिकेत. उलट, ओळीवरून मजकुराकडे परतण्याचा गणिती मार्ग मात्र नाही. मजकुरात एका चिन्हाचा फरक झाला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. ‘हॅलो’ हा इंग्रजी शब्द एकदा लहान आणि एकदा मोठ्या आद्याक्षराने लिहिला, तर हे पुढे दिसते:

```
hello
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824
Hello
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

या दोन ओळींत कोणतेही साम्य उरलेले नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील अंगठ्याच्या ठशासारखा हा प्रकार आहे. रस्त्यावरच्या माणसाला त्या काळ्या रेघांतून काहीच बोध होत नाही, पण ज्याच्यापाशी ठशांची नोंदवही आहे त्याला माणूस ओळखता येतो. शेतकऱ्याने अर्ज भरला तेव्हा त्याच्या क्रमांकाचा ठसा संकेतस्थळाकडून गूगलकडे गेलेला असतो. बिल झाल्यावर दुकानदार पुन्हा ठसा पाठवितो. दोन्ही ठसे जुळले की ही विक्री अमुक जाहिरातीची, अशी नोंद होते. संकेतस्थळावरच पैसे भरून झालेली खरेदी असेल, तर तो ठसा गूगलच्या खातेदारांच्या क्रमांकांशी आणि पत्त्यांशी ताडला जातो.

हिशेब कोठे चुकतो

एका चिन्हाने ठसा बदलतो, या गुणातूनच मापनातील बहुतेक चुका जन्म घेतात. उदाहरणादाखल एका महिन्याचा हिशेब मांडून पाहता येईल. आकडे कल्पित आहेत. पण चुकांची जात खरी आहे. दुकानदाराने महिन्यात १५,००० रुपये जाहिरातीवर खर्च केले. जाहिरातीखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाटेने न सापडणाऱ्या पानावर त्याने अर्ज ठेवला होता. त्या पानावरून अर्ज केलेल्यांपैकी बारा जणांनी संच घेतल्याचे त्याच्या वहीत आहे. गूगलच्या खात्यात मात्र सातच विक्री दिसतात. वहीप्रमाणे एका विक्रीमागे १,२५० रुपये पडले. खात्याप्रमाणे सुमारे २,१४३ रुपये. खात्यावर विसंबून तो जाहिरात बंद करील, तर लाभदायक खर्च तोट्याचा समजून बंद केल्यासारखे होईल.

हरवलेल्या पाचांचा शोध वहीतच लागतो. दोघांनी अर्जात क्रमांकाआधी शून्य टाकले होते आणि बिलात ते नव्हते. एकाचा क्रमांक बिल करणाऱ्या मुलाने मराठी अंकांत टंकित केला होता. माणसाच्या डोळ्याला मराठी पाच आणि इंग्रजी पाच एकच. ठशाच्या कृतीला ती दोन वेगळी चिन्हे. या तिघांवरचा उपाय सोपा आहे. ठसा काढण्यापूर्वी सर्व क्रमांक एकाच साच्यात आणावेत. आधी अधिकचे चिन्ह, मग भारताचा संकेतांक ९१, मग दहा अंक. मध्ये जागा नाही, रेघ नाही, आणि सर्व अंक इंग्रजी. ई-मेलचा पत्ता असेल तर सर्व अक्षरे लहान आणि मागेपुढे रिकामी जागा नको. येथे हिशेबाच्या तक्त्याचा दगाफटका लक्षात ठेवावा लागतो. साध्या रकान्यात क्रमांक टंकला तर तक्ता त्याला संख्या समजतो आणि पुढचे अधिकचिन्ह गिळून टाकतो. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घेतला तर हे टळते.

उरलेले दोघे मात्र साच्याने सापडत नाहीत. तेथे अर्ज मुलाने स्वतःच्या क्रमांकावरून केला आणि बिल बापाच्या नावे झाले; कारण जमीन बापाच्या नावे आहे आणि अनुदानाचा अर्ज सातबाऱ्यावरील नावानेच करावा लागतो. एका घराचे दोन ठसे झाले आणि दुवा तुटला. असा दुवा गणिताने जोडता येत नाही. तो वहीने जोडावा लागतो. बिलाच्या नोंदीत ‘अर्ज करताना दिलेला क्रमांक’ असा एक रकाना वाढविला, आणि ठसा त्याच क्रमांकाचा काढला, की हे दोघेही जागेवर येतात. सातांचे दहा होतात ते नीटनेटक्या लेखनाने, आणि दहांचे बारा होतात ते घराची रीत ओळखल्याने.

आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. ठशांच्या यादीत पुढील ओळ दिसली, तर तेथे कोणाचाही क्रमांक नाही असे खुशाल समजावे:

```
e3b0c44298fc1c149afbf4c8996fb92427ae41e4649b934ca495991b7852b855
```

हा रिकाम्या मजकुराचा ठसा आहे. क्रमांकाचा रकाना कोरा राहिला आणि संगणकाने निमूटपणे त्या कोरेपणाचाच ठसा काढला, असा त्याचा अर्थ. यादी भरगच्च दिसते, चौसष्ट चिन्हे जागच्या जागी असतात, आणि आत काहीच नसते. यादी पाठविण्यापूर्वी अशी ओळ शोधून काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मुदतीचेही भान हवे. क्लिक झाल्यापासून ठरावीक दिवसांतच विक्री कळवावी लागते. अनुदानाच्या प्रतीक्षेत बिल लांबले, तर सर्व काही बिनचूक असूनही ती विक्री खात्यात येत नाही.

झाकले काय, उघडे काय

आता खासगीपणाकडे वळू. ठशावरून मजकुराकडे परतण्याचा मार्ग नाही, हे वर म्हटले. परंतु सर्व संभाव्य मजकूर मोजता येण्याजोगे असतील, तर परतण्याची गरजच पडत नाही. भारतातील भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असतो आणि सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतो. म्हणजे संभाव्य क्रमांक फार तर ४०० कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते. पण खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला शेकडो कोटी ठसे काढता येतात. त्याला सर्व क्रमांकांचे ठसे काढून, हाती आलेला ठसा कोणाचा ते सांगायला काही सेकंद पुरतात. कुलूप भक्कम असले तरी किल्ल्या मोजक्याच असतील, तर चोर कुलूप फोडत बसत नाही. तो एकेक किल्ली लावून पाहतो.

ही नुसती कल्पना नव्हे. न्यूयॉर्क शहरातील टॅक्सींच्या कोट्यवधी फेऱ्यांची माहिती २०१४ साली लोकांसमोर आली. टॅक्सींचे आणि चालकांचे क्रमांक त्यात ठशांच्या रूपाने झाकलेले होते. त्यासाठी वापरलेली कृती एमडी-५ ही जुनी होती, पण दोष तिच्या जुनेपणाचा नव्हता. टॅक्सीच्या क्रमांकांचा साचा ठरलेला आणि त्यांची संख्या मर्यादित असल्याने एका संगणक अभियंत्याने सर्व संभाव्य क्रमांकांचे ठसे काढले आणि थोडक्या वेळात साऱ्या फेऱ्या मूळ टॅक्सींना चिकटवून दाखविल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही जुलै २०२४ मध्ये, ठसा काढल्याने माहिती निनावी होत नाही, असे व्यापाऱ्यांना स्पष्टपणे बजावले.

यावर संगणकाचा जाणकार म्हणेल की, क्रमांकात एखादा गुप्त शब्द मिसळून ठसा काढावा, म्हणजे परक्याला तो ओळखता येणार नाही. तोडगा बरोबर आहे, पण येथे निरुपयोगी आहे. गुप्त शब्द मिसळला की गूगलकडील ठशाशी तो जुळणार नाही, आणि मग पाठविण्याचा हेतूच बुडेल. दोघांनी एकमेकांना न सांगता एकच ठसा काढता यावा, यासाठीच ही रीत आहे. आणि दोघांना जे काढता येते ते तिसऱ्यालाही काढता येते. जो गुण ओळख जुळवितो तोच गुण ओळख उघडी करतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे जाहिरातदाराने मनाशी पक्के समजून घेतले पाहिजे.

मग ठशाचा उपयोग नाही काय? आहे. वाटेत कोणी डोकावले, यादी चुकून भलत्याच्या हाती पडली, तर तिच्यात उघडे क्रमांक वाचायला मिळत नाहीत. आळशी कुतूहलापासून हे संरक्षण मोलाचे आहे. पण ज्याच्याशी जुळणी करायची त्या कंपनीपुढे ठशाचा पडदा नसतोच. खातेदाराचा क्रमांक तिच्यापाशी आधीपासून आहे. तिला नव्याने कळते ते एवढेच की, या खातेदाराने अमुक दिवशी, अमुक दुकानातून, अमुक किमतीचा संच घेतला. झाकला जातो तो क्रमांक, आणि कळते ती खरेदी. ठिबकच्या बाबतीत ही वार्ता निरुपद्रवी वाटेल. रुग्णालयाच्या किंवा कर्जाच्या व्यवहारात ती तशी राहत नाही. पाठविलेल्या माहितीचा उपयोग मर्यादित ठेवण्याचे बंधन कंपनी आपल्या अटींत स्वीकारते. ते बंधन कराराचे आहे, गणिताचे नाही; आणि कराराची किंमत तो पाळला जातो तोवरच.

खरी गळती तर बहुधा याच्याही आधी होते. दुकानदार उघड्या क्रमांकांचा तक्ता व्हॉट्सॲपवरून जाहिरात पाहणाऱ्या संस्थेकडे पाठवितो, आणि ठसे तेथे काढले जातात. तोवर तो तक्ता तीन मोबाईलवर आणि दोन संगणकांवर जाऊन बसलेला असतो. नंतर काढलेल्या ठशाने या प्रती परत येत नाहीत. ठसे दुकानाच्या संगणकावरच काढावेत आणि बाहेर जावे ते ठसेच, हा नियम कोणत्याही तांत्रिक सुधारणेपेक्षा अधिक काम करील.

संमतीची रेघ

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरविला, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यापाऱ्यावरील मुख्य कर्तव्यांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली गेली, म्हणजे ती मे २०२७ पासून लागू होण्याची आहेत. ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भात व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी या कायद्याची व्याख्या आहे. ठसा तर ओळख पटविण्यासाठीच पाठविला जातो. तेव्हा तो या व्याख्येबाहेर आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविले तरी माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, हेही कायदा सांगतो.

या कायद्याला हवी असलेली संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली आणि बिनशर्त असावी लागते. आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय ठेवावी लागते. बेलापूरच्या दुकानदाराने अर्जाखाली एक चौकट ठेवून तिच्यापुढे असे लिहावे: ‘आपण संच घेतल्यास, जाहिरातीचा उपयोग मोजण्यासाठी आपल्या क्रमांकाचा सांकेतिक ठसा आणि खरेदीची नोंद आम्ही गूगलला कळवू. आपली हरकत नसल्यास खूण करावी. खूण न केली तरी चौकशीचे उत्तर मिळेल.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. उत्तर हवे तर संमती द्या, असे म्हटले की संमती मोकळी राहत नाही. चौकटीत आधीच खूण करून ठेवणे हाही तोच अपराध. शिकवणी वर्गांच्या जाहिरातदारांनी तर अधिकच सावध असावे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर रोखून जाहिराती करणे या कायद्याने निषिद्ध ठरविले आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याने भरलेल्या अर्जाचा ठसा पाठविण्याच्या फंदात न पडलेलेच बरे.

मापन आणि मर्यादा

संमती मागितली की आकडे घटतील, ही जाहिरातदाराची भीती खोटी नाही. वरच्या बारांपैकी तिघांनी खूण केली नाही, तर लेखन कितीही निर्दोष असले तरी खात्यात नवाच्या वर विक्री दिसणार नाही. पण येथे एक गोष्ट विसरली जाते. एकूण विक्री किती हे दुकानदाराला गूगलकडून कळायचे नसते. ते त्याच्या वहीत आहे. बारांपैकी नऊ जुळले, हे प्रमाण त्याला ठाऊक असले की खात्यातील आकड्याकडे कसे पाहावे हे समजते. घातक असते ते कमी जुळणे नव्हे, तर किती जुळले हे माहीत नसणे. महिन्यातून एकदा वही आणि खाते शेजारी ठेवून न जुळलेली प्रत्येक नोंद कशामुळे राहिली, याचे कारण लिहून ठेवणे, ही यावरची जुनी आणि खात्रीची तपासणी आहे.

ज्याला क्रमांकाचा ठसाही पाठवायचा नाही त्याला आणखी एक वाट आहे. जाहिरातीवर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या पत्त्याला `gclid` नावाचा एक क्लिक-क्रमांक जोडलेला असतो. अर्जाबरोबर तोच जपून ठेवला आणि विक्रीनंतर तेवढाच कळविला, तर ग्राहकाचा दूरध्वनी दुकानाबाहेर जात नाही. कंपनी स्वतःपुरती क्लिक करणारा ओळखू शकते, हे खरे. पण त्या क्रमांकावरून तिसऱ्या कोणाला माणूस हुडकता येत नाही. ज्याने एका मोबाईलवर जाहिरात पाहिली आणि अर्ज दुसऱ्यावरून भरला तो या मोजणीतून निसटतो. थोडे कमी मोजावे आणि थोडे कमी सांगावे, असा हा सौदा आहे, आणि छोट्या दुकानाला तो पुष्कळदा परवडतो.

शेवटी, ठसा जुळला म्हणून जाहिरातीमुळेच विक्री झाली असेही सिद्ध होत नाही. शेजारच्या शेतातील ठिबक पाहून ज्याने आधीच मन ठरविले होते तोही दुकानाचा पत्ता शोधताना जाहिरातीवर बोट ठेवतो, आणि ती विक्री जाहिरातीच्या खात्यावर चढते. तेव्हा अचूक मापन आणि ग्राहकाचे खासगीपण यांचे वैर आहे, हा समज सोडून दिला पाहिजे. ज्या दुकानात क्रमांक नीट लिहिले जातात, संमतीचा रकाना असतो, उघडा तक्ता बाहेर जात नाही आणि महिनाअखेर वही ताडून पाहिली जाते, तेथे दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीतून साधतात. आणि यापुढे जाहिरात संस्थेचा कोणी प्रतिनिधी ‘हॅश केले आहे, आता चिंता नको’ असे म्हणाला, तर दुकानदाराने त्याला एकच प्रश्न विचारावा: हाच क्रमांक उघडा पाठवायला ग्राहकाची हरकत असती काय? ती असती, तर ठसाही पाठवू नये.